पाच ओळींचं मूळ गाव

माझी मावसबहीण एका कृषी महाविद्यालयात हवामानाच्या नोंदी सांभाळते. सप्टेंबरात एका रात्री तिचा व्हॉट्सॲपवर निरोप आला. खाली पाच ओळी चिकटवलेल्या होत्या आणि वर लिहिलं होतं, "अरे, एवढं पायथनमध्ये करून देशील का? मूळ कशात लिहिलंय कुणास ठाऊक. आमचे जुने सर वापरायचे, ते आता निवृत्त झाले."

```
p = load('paus.txt');
z = (p - mean(p)) / std(p);
k = find(z > 2)
m = smooth(p, 5);
t = m(end) - m(1)
```

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या प्रत्येकाकडे असे तुकडे येतात. पाठवणाऱ्याला वाटतं की काय करायचं ते या ओळींत सगळं लिहिलेलं आहे, वाचून दुसऱ्या भाषेत मांडलं की झालं. मलाही त्या रात्री तसंच वाटलं. `mean` म्हणजे सरासरी, `std` म्हणजे प्रमाण विचलन, `find` म्हणजे शोध, `smooth` म्हणजे चढउतार गुळगुळीत करणं. वीस मिनिटांत मी पायथनचा कोड पाठवून दिला. तो एकही तक्रार न करता चालला आणि त्याची दोन्ही उत्तरं चुकीची निघाली.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. सरांच्या फायलीत त्याच आठवड्याचा एक छापील कागद होता आणि त्यावरची उत्तरं वेगळी होती. "तुझा कोड म्हणतो की चौथ्या दिवशी अतिपाऊस झाला. चौथ्या दिवशी तर फक्त तीस मिलिमीटर होता रे. आणि पाऊस वाढत गेला असंही म्हणतो. इथे तर ओसरलेला आहे." मग मी तो तुकडा पुन्हा उघडला आणि आधीच विचारायला हवा होता तो प्रश्न स्वतःला विचारला: हे मुळात कोणत्या भाषेतलं आहे?

पाच ओळींत भाषेचं नाव कुठेच नाही. तरी बोलण्याच्या हेलावरून माणूस कोकणातला की खानदेशातला हे जसं ताडता येतं, तसं कोडच्या चिन्हांवरून त्याचं गाव शोधता येतं. इथली सगळ्यात बोलकी जागा आहे `m(end)`. यादीतला शेवटचा आकडा मागायला इथे गोल कंस आणि त्यात `end` हा शब्द आहे. पायथनमध्ये तेच `m[-1]` असं, चौकोनी कंसात लिहितात. ज्युलियात `end` चालतं, पण कंस चौकोनी लागतो. आर या सांख्यिकीच्या भाषेतही कंस चौकोनीच. सायलॅब दिसायला खूप जवळची, पण तिथे शेवट दाखवायला `$` वापरतात. गोल कंस आणि `end` एकत्र दिसले की मॅटलॅब किंवा तिचं मोफत भावंड ऑक्टेव्ह हीच दोन घरं उरतात.

दुसरी खूण बारीक आहे. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या शेवटी अर्धविराम आहे; तिसऱ्या आणि पाचव्या ओळीला नाही. सरांची ती नजरचूक नव्हती. या दोन्ही भाषांत अर्धविराम दिला की उत्तर पडद्यावर येत नाही, न दिला की येतं. सरांना `k` आणि `t` ही दोनच उत्तरं पाहायची होती. म्हणजे रूपांतरात तिथे छापण्याची आज्ञा घालायला हवी. अर्धविराम हे निव्वळ विरामचिन्ह समजून मी तो सोडून दिला होता, आणि ताईने माझी उत्तरं पाहायला छापायच्या ओळी स्वतःच जोडल्या होत्या.

मॅटलॅब क्लीव्ह मोलर या गणितज्ञाने १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसाठी लिहिली. फोर्ट्रान न शिकता त्यांना रेषीय बीजगणिताची तयार साधनं वापरता यावीत, हा हेतू होता. १९८४मध्ये त्यातून मॅथवर्क्स ही कंपनी उभी राहिली. या भाषेचा पिंड गणिताच्या वहीचा आहे. वहीत आपण पहिल्या संख्येला एक क्रमांक देतो, शून्य देत नाही. म्हणून मॅटलॅब आणि ऑक्टेव्हमध्ये मोजणी एकपासून सुरू होते, पायथनमध्ये शून्यापासून. माझा 'चौथा दिवस' तिथून आला होता. पायथनचा ४ म्हणजे सरांचा ५.

पण दिवस पाचवा धरला तरी सरांच्या कागदाशी जुळत नव्हतं, कारण त्या कागदावर एकही दिवस नव्हता. हे समजायला आकडे बघायला हवेत. `paus.txt` या फायलीत एका स्तंभात आठ दिवसांचा पाऊस होता, रोज सकाळी साडेआठला मोजलेला, मिलिमीटरमध्ये: ६, ०, १२, ३०, ५८, ३६, १६, २. बेरीज १६०, सरासरी २०. आता प्रत्येक दिवस सरासरीपासून किती लांब आहे ते काढू: उणे १४, उणे २०, उणे ८, १०, ३८, १६, उणे ४, उणे १८. यांचे वर्ग करून बेरीज केली की बरोबर २८०० येते.

इथे वाट फुटते. प्रमाण विचलनासाठी ही बेरीज कशाने तरी भागून वर्गमूळ काढायचं असतं. ८ने भागलं तर ३५०, वर्गमूळ सुमारे १८.७१. ७ने भागलं तर ४००, वर्गमूळ नेमकं २०. दोन्ही रीती पुस्तकात आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. ते आठ दिवस एवढंच आपलं जग असेल तर आठाने भागायचं. ते मोठ्या पावसाळ्यातला नमुना असतील तर साताने. सरासरीही त्याच आठ आकड्यांतून काढलेली असल्यामुळे ती त्यांच्या मधोमध बसते आणि अंतरं खऱ्यापेक्षा थोडी लहान दिसतात. एकाने कमी भागून ती तूट भरून काढतात. जर्मन खगोलज्ञ बेसेल यांच्या नावाने ही दुरुस्ती ओळखली जाते.

मॅटलॅब आणि ऑक्टेव्हचं `std` न सांगता साताने भागतं. पायथनमध्ये आकडेमोडीसाठी सगळे वापरतात त्या नमपाय या लायब्ररीचं `std` न सांगता आठाने भागतं. नाव तेच, अर्थ वेगळा. पाचव्या दिवसाचं सरासरीपासूनचं अंतर ३८. ऑक्टेव्हच्या हिशेबात ते २०ने भागून १.९ येतं, म्हणजे दोनच्या खाली, आणि तो दिवस अतिपावसाचा ठरत नाही. नमपायच्या हिशेबात १८.७१ने भागून २.०३ येतं, म्हणजे दोनच्या वर, आणि तो दिवस यादीत जातो. एका महाविद्यालयाच्या अहवालात अतिपावसाचा एक दिवस वाढतो किंवा गळतो, आणि कारण फक्त एवढंच की भागाकार कशाने करायचा हे त्या ओळीत लिहिलेलं नव्हतं. गंमत अशी की पायथनमध्येच पांडाज ही दुसरी लायब्ररी घेतली, तर तिचं `std` पुन्हा एकाने कमी भागतं. म्हणून 'पायथनमध्ये करून दे' ही विनंतीसुद्धा अर्धीच असते. कोणत्या लायब्ररीने करायचं ते ठरेपर्यंत उत्तर ठरत नाही.

नमपायमध्ये मूळचा अर्थ टिकवायचा तर तो उघड लिहावा लागतो:

```python
z = (p - p.mean()) / p.std(ddof=1)
```

`ddof=1` म्हणजे भाजकातून एक वजा कर. रूपांतर करणाऱ्याने इथे स्वतःचं मत घालू नये असं मला ठाम वाटतं. साताने भागणं योग्य की आठाने, यावर सरांशी वाद घालता येईल, पण तो वेगळा दिवस आणि वेगळं काम. भाषा बदलताना उत्तरही गुपचूप बदललं, तर जुन्या दहा वर्षांच्या नोंदी नव्यांशी ताडून बघता येत नाहीत.

मी ताईला त्या कागदाचा फोटो मागितला. फोटोत दोन ओळी होत्या:

```
k = [](0x1)
t = -4
```

पहिल्या ओळीने मोठं काम केलं. काहीही सापडलं नाही हे सांगायची ऑक्टेव्हची ही पद्धत आहे: रिकामा चौकोनी कंस आणि पुढे आकार, शून्य ओळी एक स्तंभ. मॅटलॅब हीच गोष्ट इंग्रजी वाक्यात सांगते. म्हणजे सर ऑक्टेव्ह वापरत होते. कोडवरून जे दोन घरांपर्यंतच कळत होतं, ते उत्तराच्या छापावरून एका घरापर्यंत आलं. तेव्हापासून कुणीही तुकडा पाठवला की मी आधी जुन्या उत्तराचा छाप किंवा पडद्याचा फोटो मागतो. चुकीचा संदेश मिळाला तर त्याहून बरं, कारण प्रत्येक भाषेची तक्रार करण्याची धाटणी वेगळी असते.

ऑक्टेव्ह ही जॉन ईटन यांनी सुरू केलेली मोफत प्रणाली. नाव त्यांचे रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक ऑक्टेव्ह लेव्हनस्पील यांच्यावरून पडलं, संगीतातल्या सप्तकाशी त्याचा संबंध नाही. सर ऑक्टेव्हवर होते हे कळल्यावर चौथी ओळ मात्र आणखी अवघड झाली.

कारण `smooth` मॅटलॅबच्या मूळ संचातलं नाही. ते कर्व्ह फिटिंग टूलबॉक्स या वेगळ्या विकत घ्यायच्या जोडसंचात येतं. ऑक्टेव्ह वापरणाऱ्या सरांकडे तो असण्याचं कारण नाही. मग `smooth` कुठून आलं? बहुधा त्यांनी किंवा कुणी सहकाऱ्याने तेच नाव देऊन स्वतः लिहिलं असावं. त्या पाच ओळींत हे कळायला काही वाव नाही, कारण या दोन्ही भाषांत स्वतः लिहिलेलं फंक्शन त्याच फोल्डरमध्ये ठेवलं की ते आयात करायची ओळ लिहावीच लागत नाही. पायथनच्या तुकड्याला वर `import` असतं. ते कापून पाठवलं तरी नावामागचा टिंब बऱ्याचदा सांगतो की हे कोणत्या पेटीतून आलं. इथे तो धागाही नव्हता.

पाच दिवसांची सरकती सरासरी म्हणजे प्रत्येक दिवसासाठी आधीचे दोन, नंतरचे दोन आणि तो स्वतः, अशा पाचांची सरासरी. मधल्या दिवसांबद्दल कुणाचंच दुमत नाही: तिसऱ्या ते सहाव्या दिवसाला २१.२, २७.२, ३०.४, २८.४. प्रश्न काठांचा आहे. आठव्या दिवसानंतर दोन दिवस नाहीतच, मग त्याची सरासरी काय धरायची?

मॅटलॅबच्या टूलबॉक्समधलं `smooth` खिडकी दोन्ही बाजूंनी सारखी आवळतं. आठव्या दिवसाला उजवीकडे कुणी नाही, म्हणून डावीकडचेही सोडतं आणि मूळ २ तसाच ठेवतं. मॅटलॅबमध्येच २०१६पासून आलेलं `movmean` डावीकडचे दोन सोडत नाही, असतील तेवढे घेतं: ३६, १६ आणि २ यांची सरासरी १८. नमपायच्या `convolve`ला `'same'` सांगितलं, तर यादीबाहेर कोरडे दिवस आहेत असं धरून ते ५४ला पाचाने भागतं आणि १०.८ देतं. पांडाजमधली मध्यावर ठेवलेली सरकती सरासरी पाच आकडे पुरे नाहीत म्हणून तिथे `NaN`, म्हणजे 'आकडा नाही' असं लिहून मोकळी होते. एकाच दिवसाला २, १८, १०.८ आणि काहीच नाही, अशी चार उत्तरं.

आणि सरांची पाचवी ओळ नेमके काठच वापरते. `t` म्हणजे शेवटचा गुळगुळीत आकडा वजा पहिला. टूलबॉक्सच्या रीतीने २ वजा ६, उणे ४: पाऊस ओसरला. `movmean`ने १८ वजा ६, अधिक १२: पाऊस वाढला. मी वापरलेल्या `convolve`ने १०.८ वजा ३.६, म्हणजे अधिक ७.२. पांडाजने `NaN`. आकडा थोडा इकडेतिकडे झाला असता तर नजरेतून सुटलाही असता. इथे चिन्हच उलटलं, म्हणून ताईच्या लक्षात आलं.

आता कागदावरच्या `t = -4`ने चाळणी लावता आली. चारांपैकी फक्त पहिली रीत जुळत होती. मी लगेच टूलबॉक्सच्या रीतीचं फंक्शन लिहिलं, उणे ४ आलं, आणि काम संपलं असं समजणार होतो. मग जाणवलं की `t`ला फक्त पहिला आणि आठवा दिवस दिसतो. दुसऱ्या आणि सातव्या दिवसाचं काय होतं हे ते सांगूच शकत नाही. टूलबॉक्स दुसऱ्या दिवशी तिघांची सरासरी घेतं, ६. पण सरांनी दोन्ही काठांचे दोन-दोन दिवस जसेच्या तसे ठेवले असतील तर दुसरा दिवस ० राहील आणि `t` तेव्हाही उणे ४च येईल. हातातल्या पुराव्यात या दोन शक्यता वेगळ्या करण्याची ताकद नव्हती. अशा वेळी अंदाज करत बसण्यापेक्षा विचारणं बरं. मी ताईला सांगितलं की सरांच्या जुन्या संगणकावर ऑक्टेव्ह उघडून `which smooth` एवढंच टाइप कर. ते फंक्शन कोणत्या फायलीतून येतं, त्याचा पूर्ण पत्ता ही आज्ञा दाखवते.

दोन दिवसांनी तिने फाइल पाठवली.

```
function y = smooth(x, w)
  h = floor(w/2);
  y = x;
  for i = h+1 : length(x)-h
    y(i) = mean(x(i-h : i+h));
  endfor
endfunction
```

`endfor` आणि `endfunction` फक्त ऑक्टेव्ह समजते, मॅटलॅबला ते चालत नाही. म्हणजे छापावरून बांधलेला अंदाज पक्का झाला. आणि काठ खरंच जसेच्या तसे ठेवलेले होते. दुसरा दिवस ०, सातवा १६. माझ्या टूलबॉक्सी रूपांतराने तिथे ६ आणि १८ दिले असते, आणि ताईने या आकड्यांचा आलेख काढला की तो जुन्या आलेखापासून हळूच वेगळा झाला असता.

ही सात ओळींची फाइल पायथनमध्ये नेताना आणखी एक जागा आहे, आणि शिकणाऱ्यांना मी ती नेहमी आकड्यांसकट दाखवतो. `y = x;` ही ओळ. ऑक्टेव्हमध्ये ती म्हणजे `x`ची प्रत. पुढे `y` बदलला तरी `x` जागचा हलत नाही. नमपायमध्ये `y = x` लिहिलं तर प्रत होत नाही, एकाच यादीला दोन नावं मिळतात. मग तिसऱ्या दिवसाची जागा २१.२ने भरली की मूळ १२ गेले. चौथ्या दिवसाची सरासरी काढताना तो आधीच गुळगुळीत झालेला आकडा हिशेबात शिरतो आणि २७.२ऐवजी २९.०४ येतात. चूक पुढे पुढे झिरपत जाते. सहाव्या दिवशी २८.४ऐवजी सुमारे २३.०२ उरतात. तरी पहिला आणि आठवा दिवस अबाधित असल्याने `t` उणे ४च राहतं. कागदाशी ताळा जुळतो आणि आतला हिशेब बिघडलेला असतो. म्हणून प्रत उघडपणे मागायची:

```python
def smooth(x, w):
    h = w // 2
    y = x.copy()
    for i in range(h, len(x) - h):
        y[i] = x[i - h : i + h + 1].mean()
    return y
```

मोजणी शून्यापासून असल्यामुळे `h+1`चा `h` झाला. पायथनच्या तुकड्यात शेवटचा क्रमांक धरला जात नाही, म्हणून `i+h`चा `i + h + 1` झाला. हे दोन बदल एकमेकांच्या उलट दिशेचे दिसतात आणि घाईत हमखास गल्लत होते. दुसरा बदल राहून गेला तर खिडकी पाचाऐवजी चार दिवसांची होते, आणि संगणक त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. `k`च्या बाबतीत मी छापताना एक मिळवला, कारण ताईला दिवसाचा क्रमांक हवा होता. पुढे तोच `k` यादीतून आकडा काढायला वापरायचा असता, तर मिळवणं चुकीचं ठरलं असतं.

या वेळी फक्त `t` बघून थांबलो नाही. ताईने जुन्या संगणकावर चौथ्या ओळीचा अर्धविराम काढून `m`चे आठही आकडे छापले: ६, ०, २१.२, २७.२, ३०.४, २८.४, १६, २. मी माझे आठ त्यांच्या शेजारी ठेवून एकेक ताडले. मग मुद्दाम अडचणीची आणखी दोन उदाहरणं दोन्हीकडे चालवली. एकात पाचच दिवस होते, म्हणजे खिडकी एकदाच बसते. दुसऱ्यात सगळ्या दिवशी सारखाच पाऊस होता, म्हणजे विचलन शून्य आणि शून्याने भागाकार. तिथेही दोघांचा `k` रिकामाच आला; फरक एवढाच की नमपायने इशारा दिला.

तो तुकडा आता ताईच्या फोल्डरमध्ये पायथनची फाइल म्हणून आहे. वर तिने मराठीत टिपण लिहिलं आहे: मूळ ऑक्टेव्हमध्ये, `std` एकाने कमी भागतं, `smooth` सरांचं स्वतःचं, काठचे दोन-दोन दिवस तसेच, `paus.txt`मध्ये एकच स्तंभ, मिलिमीटरमध्ये. गेल्या आठवड्यात तिने बाष्पीभवनाच्या नोंदींचा दुसरा तुकडा पाठवला. त्यात एके ठिकाणी `2^3` होतं. ऑक्टेव्हमध्ये ते आठ, पायथनमध्ये तेच तीन अक्षरी चिन्ह बिटांची वेगळीच क्रिया करून एक देतं. पण या वेळी मला काही शोधावं लागलं नाही. निरोपाच्या पहिल्याच ओळीत तिने लिहिलं होतं, "ऑक्टेव्ह. `which` करून बघितलं, बाहेरची फाइल एकच आहे, सोबत जोडते. जुना छापही आहे."